फलाटावर माणूस पडलाय आणि सगळे बघतायत

सख्यांनो, या महिन्याचा पाठ पनवेल स्टेशनच्या फलाटावरचा आहे. पनवेल आपल्या ओळखीचं. वाशी, मुंबईच्या प्रदर्शनाला माल घेऊन जायचं तर लोकल इथूनच पकडायची, आणि परत येताना इथेच उतरून गावाकडची एसटी गाठायची. पाठ वाचताना तुम्ही स्वतः त्या फलाटावर उभ्या आहात असं समजा.

संध्याकाळचे सात वाजलेत. तुम्ही आणि गटातल्या दोघी जणी लोकलमधून उतरलात. हातात पापड-मसाल्याच्या उरलेल्या पिशव्या आहेत आणि शेवटची एसटी चुकेल ही धाकधूक आहे. जिन्याकडे लोटणाऱ्या गर्दीत तुम्हाला दिसतं की खांबाला टेकून एक पन्नाशीचा माणूस बसलाय. शर्ट घामाने भिजलाय, मान एका बाजूला कललीये, तोंडाने काहीतरी पुटपुटतोय. बघता बघता तो आडवा होतो. शेजारी त्याची डब्याची पिशवी पडलीये.

आजूबाजूला दीडशे-दोनशे माणसं असतील. कोणी एकदा वळून बघतं आणि पुढे जातं. दोन पोरं मोबाईलवरून नजर वर करतात आणि परत खाली घालतात. एक बाई तोंडाला पदर लावून म्हणते, "पिऊन पडलाय वाटतं." तुमच्या सोबतची म्हणते, "चल गं, एसटी जाईल. एवढी माणसं आहेत, कोणीतरी बघेल."

आजचा पाठ या एका वाक्याचा आहे. "एवढी माणसं आहेत, कोणीतरी बघेल." फलाटावरचा जवळजवळ प्रत्येक माणूस त्या क्षणी मनात हेच म्हणत असतो. म्हणून कोणीच बघत नाही.

दगडाच्या काळजाची माणसं?

असं काही घडलं की आपण म्हणतो, माणुसकी उरली नाही. पण मानसशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांनी हा प्रश्न नीट तपासला, तेव्हा त्यांना वेगळंच दिसलं.

१९६४ साली न्यूयॉर्क शहरात एका तरुणीवर रात्री घराजवळच हल्ला झाला आणि त्यात तिचा जीव गेला. ३८ शेजाऱ्यांनी पाहिलं, ऐकलं, पण कोणी काही केलं नाही, अशी बातमी वर्तमानपत्रात आली. पुढे कळलं की बातमीत बरंच वाढवून लिहिलं होतं. काहींना फक्त आवाज ऐकू आला होता, आणि एक शेजारीण तर धावत खाली जाऊन त्या जखमी मुलीला कवेत घेऊन बसली होती. पण तेव्हा त्या बातमीने सगळ्यांना हादरवलं. जॉन डार्ली आणि बिब लताने या दोन अभ्यासकांनी ठरवलं की नुसतं हळहळत न बसता प्रयोग करून बघायचा.

१९६८ साली प्रसिद्ध झालेला तो प्रयोग असा होता. कॉलेजच्या एकेका विद्यार्थ्याला वेगळ्या खोलीत बसवलं. दुसऱ्या खोल्यांतल्या मुलांशी यंत्रावरून बोलायचं, फक्त आवाज ऐकू येणार, तोंड दिसणार नाही. बोलता बोलता त्यातल्या एकाला फिट येते. तो अडखळतो, गुदमरतो, मदत मागतो. खरं तर तो आवाज आधीच टेप केलेला होता. बाहेर येऊन कोण सांगतं आणि किती वेळात सांगतं, एवढंच बघायचं होतं.

ज्यांना वाटत होतं की हे ऐकणारा मी एकटाच आहे, त्यांच्यापैकी शंभरात ८५ जण फिट संपायच्या आत बाहेर आले. ज्यांना वाटत होतं की आणखी एक जण ऐकतोय, त्यांच्यापैकी ६२ आले. आणि आणखी चार जण ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी फक्त ३१ आले.

मुलं तशीच, आवाज तोच, संकट तेच. बदललं ते एवढंच, की आपल्याशिवाय किती जण आहेत. जे बाहेर आले नाहीत ते निवांत बसले होते का? नाही. प्रयोग करणारी व्यक्ती खोलीत गेली तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम आला होता, "तो बरा आहे ना?" असं ते विचारत होते. काळीज होतं. पण जावं की न जावं यात ते अडकून पडले होते.

याला म्हणतात बघ्यांचा परिणाम. बघणारे जितके जास्त, तितका एकेक जण पुढे येण्याचा संभव कमी.

आत नेमकं काय होतं

यामागे मुख्य कारणं दोन आहेत. पनवेलच्या फलाटावर ती कशी काम करतात ते बघू.

पहिलं कारण म्हणजे जबाबदारी वाटली जाते. तुम्ही शेतावर एकट्या असाल आणि बांधावर कोणी कोसळलं, तर सगळी जबाबदारी तुमचीच. तुम्ही नाही गेलात तर तो मरेल हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. फलाटावर दोनशे जण असले की तीच जबाबदारी दोनशे वाट्यांत विभागली जाते आणि तुमच्या वाट्याला चिमूटभर येते. आपल्याकडे म्हण आहे, बारभाईंची खेती, काय लागेल हाती. शेत सगळ्यांचं, म्हणून नांगर कोणीच धरत नाही.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. काय झालंय हे आपण दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून ठरवतो. माणूस आडवा पडलाय. झोपलाय, प्यायलाय की आजारी आहे, हे पटकन कळत नाही. मग आपण आजूबाजूला बघतो. सगळे शांत दिसतात, म्हणून आपण समजतो की काही गंभीर नसेल. पण तेही आपल्याकडेच बघत असतात, आणि चारचौघांत हसं नको म्हणून आपणही तोंड शांतच ठेवलेलं असतं. म्हणजे दोनशे जण आतून घाबरलेले आणि वरून शांत, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या शांतपणावरून चुकीचा अंदाज बांधतोय.

फलाटावर आणखी एक अडचण असते. तिथली माणसं सारखी बदलतात. आत्ता उतरलेला घोळका दोन सेकंद बघून जिना चढतो. पुढच्या लोकलने आलेल्यांना वाटतं, हा बराच वेळ पडलेला दिसतोय, म्हणजे आधीच्यांनी कळवलं असेल. आधीच्यांना वाटलं होतं, मागून येणारे बघतील.

"पिऊन पडलाय"

आता त्या बाईच्या बोलण्याकडे येऊ. "पिऊन पडलाय" हे एक वाक्य कोणी उच्चारलं की बाकीच्यांना सुटल्यासारखं होतं.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत झालेला, १९६९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे कामाचा आहे. चालत्या डब्यात एक माणूस मुद्दाम कोसळायचा. कधी त्याच्या हातात आधाराची काठी असायची, कधी अंगाला दारूचा वास आणि हातात बाटली. काठीवाला ६५ वेळा पडला, त्यापैकी ६२ वेळा लोक आपणहून धावले. दारूचा वास येणारा ३८ वेळा पडला, त्याला १९ वेळा मदत मिळाली. म्हणजे निम्म्या वेळा.

या प्रयोगात दुसरीही एक गोष्ट दिसली. डब्यात गर्दी जास्त असली म्हणून मदत कमी झाली नाही. कारण तिथे सगळ्यांना स्पष्ट दिसत होतं की माणूस कोसळलाय, आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत कोणाला निघून जाता येत नव्हतं. म्हणजे गर्दी वाईटच असते असं नाही. काय झालंय ते नीट कळत नाही आणि काढता पाय घ्यायला जागा असते, तिथे गर्दी घात करते. फलाटावर या दोन्ही गोष्टी असतात.

आपला खांबाजवळचा माणूस खरंच प्यायलाय का? घाम, थरथर, पुटपुटणं, तोल जाणं, विचारलं की भलतंच उत्तर देणं, ही सगळी लक्षणं मधुमेही माणसाच्या रक्तातली साखर एकदम उतरली तरी दिसतात. गोळी किंवा इन्सुलिन घेतलं, जेवायला उशीर झाला, लोकलमध्ये तासभर उभं राहावं लागलं, की असं होऊ शकतं. तो हुबेहूब प्यायल्यासारखा दिसतो. फिट येऊन गेल्यावरही माणूस काही वेळ गुंगीत असतो. आणि खरंच प्यायलेला असला तरी पालथा पडून, उलटी श्वासनलिकेत जाऊन त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून "प्यायलाय का?" हा प्रश्न बाजूला ठेवायचा. विचारायचं एवढंच, की हा शुद्धीवर आहे का आणि श्वास नीट चालू आहे का.

एक बोट, एक माणूस, एक काम

आता आपण जिन्याकडे न वळता त्या माणसाजवळ थांबलो असं समजू.

आधी मोठ्याने बोला. "दादा, ऐकू येतंय का? बरं नाही का?" हे त्याच्यासाठी आहे तसंच भोवतालच्या लोकांसाठीही आहे. सगळ्यांची शांत तोंडं जी खोटी खूण देत होती, ती तुमच्या आवाजाने मोडते. हा माणूस आजारी आहे, हे आता सगळ्यांना कळलं. परक्या पुरुषाजवळ जायला संकोच वाटला तर दोघी मिळून जा. हात न लावताही विचारता येतं.

मग "कोणीतरी फोन करा हो!" असं ओरडू नका. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. "कोणीतरी" म्हटलं की जबाबदारी परत दोनशे जणांत वाटली जाते. एकाकडे बोट दाखवा, त्याची खूण सांगा आणि एकच काम द्या.

"निळा शर्ट, बॅगवाले दादा, तुम्ही १०८ लावा. पनवेल स्टेशन सांगा, फलाटाचा नंबर सांगा, पुलाच्या जिन्याजवळ म्हणून सांगा. आणि फोन झाला की मला येऊन सांगा."

"तुम्ही, पिवळ्या ओढणीवाल्या ताई, स्टेशन मास्तरांकडे जा. स्ट्रेचर घेऊन माणूस पाठवा म्हणावं."

"तुम्ही दोघे लोकांना मागे सारा, वारा येऊ द्या."

बोट दाखवलेला माणूस सहसा नाही म्हणत नाही. त्याचं काळीज अचानक बदललेलं नसतं. फक्त आता त्याला माहीत असतं की काम त्याचंच आहे, आणि नाही केलं तर ते कोणाकडून राहिलं हे सगळ्यांना दिसेल. "मला येऊन सांगा" हे शेवटचे शब्द विसरू नका. काम झालं की नाही ते त्यावरूनच कळतं.

रेल्वेत किंवा स्टेशनात मदतीसाठी १३९, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कुठल्याही तातडीच्या वेळी ११२. फलाटावर रेल्वे सुरक्षा दलाचा जवान किंवा लोहमार्ग पोलीस दिसला तर त्यालाच हाक मारा.

तोवर जवळ थांबून काय करायचं? माणूस शुद्धीवर असेल, बोलत असेल, गिळू शकत असेल आणि मधुमेह आहे म्हणून सांगत असेल, तर साखर घातलेलं पाणी किंवा गोड सरबत द्या. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. श्वास चालू असेल तर हळूच कुशीवर वळवा. फिट आली असेल तर चप्पल, कांदा हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली पिशवी किंवा ओढणी ठेवा आणि फलाटाच्या कडेपासून त्याला सांभाळा. श्वासच चालत नसेल तर छाती दाबण्याची क्रिया करावी लागते. ती वाचून येत नाही, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगून ग्रामसंघाच्या बैठकीत शिकून घ्या.

स्ट्रेचर आलं, माणूस ताब्यात दिला, की तुमचं काम झालं.

जिथे धावून जायचं नाही

१७ एप्रिल २०२१ रोजी कर्जत मार्गावरच्या वांगणी स्टेशनात एका दृष्टिहीन आईच्या हातातून तिचं मूल रुळांवर पडलं. समोरून उद्यान एक्सप्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावत गेले, मुलाला फलाटावर चढवलं आणि क्षणभरात स्वतः वर आले. रेल्वेने त्यांना ५० हजार रुपयांचं बक्षीस दिलं, त्यातली अर्धी रक्कम त्यांनी त्याच मुलासाठी दिली.

कॅमेऱ्यातलं ते दृश्य अनेकींनी मोबाईलवर पाहिलं असेल. पुन्हा बघाल तेव्हा फलाटाकडे लक्ष द्या. तो जवळजवळ रिकामा आहे. शेळक्यांचं धाडस मोठंच, पण जबाबदारी वाटून घ्यायला तिथे दुसरं कोणी नव्हतं हेही खरं. शिवाय ते रेल्वेचे कर्मचारी, रुळांवर काम करणारे. आपण रुळांवर उडी मारायची नाही. कोणाच्या हातात हत्यार असेल तर मध्ये पडायचं नाही. अशा वेळी लांबूनच मोठ्याने ओरडायचं, बोट दाखवून माणसं जमवायची, पोलिसांना कळवायचं. तीही मदतच आहे.

"मदत केली की पोलिसांचं लचांड मागे लागतं," ही भीतीही आपल्याला अडवते. आजारी माणसासाठी १०८ लावण्यात लचांड काहीच नाही. रस्त्यावरच्या अपघातासाठी तर २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. नाव-पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही.

आपल्या वाडीतला फलाट

सख्यांनो, पनवेलचा फलाट महिन्यातून एकदा. पण असाच एक फलाट आपल्या वाडीतही आहे.

रात्री एका घरातून आदळआपट ऐकू येते. बाईचं ओरडणं दहा-बारा घरांना ऐकू जातं. प्रत्येक घरात तेच दोन विचार चालतात. "नवरा-बायकोचं भांडण आहे, आपण काय पडायचं?" म्हणजे काय झालंय याचा सोयीचा अर्थ. आणि "शेजारची जवळची आहे, ती जाईल." म्हणजे जबाबदारी वाटली गेली. सकाळी नळावर सगळ्या भेटतात, कोणी काही बोलत नाही. मार खाणाऱ्या बाईला मात्र यातून एकच कळतं, की सगळ्यांना ऐकू गेलं आणि सगळ्यांना हे चालतंय.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातली एक तरतूद सगळ्यांनी लक्षात ठेवावी. हिंसा होतेय असं वाटण्याला कारण असेल तर कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. नात्यातलीच असावी लागत नाही. आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी, कुठलीच जबाबदारी येत नाही. महिलांसाठी मदतीचा नंबर १८१ आहे. २००८ साली आपल्या देशात 'बेल बजाओ' नावाची मोहीम झाली होती. तिचा मार्ग साधा होता. भांडणात न पडता दारावरची बेल वाजवायची आणि दूध आहे का, फोन करू का, असं काहीही विचारायचं. घरात मारणाऱ्याला कळतं की बाहेर ऐकू जातंय. तेवढ्याने हात थांबू शकतो. दोघी-तिघी मिळून जाणं मात्र बरं.

बैठकीत करून बघा

आता आपल्या गटाचं इतिवृत्ताचं रजिस्टर उघडा. "सुनीता ताई तीन बैठका आल्या नाहीत, सर्वांनी लक्ष द्यावे" अशा तऱ्हेची एखादी ओळ सापडते का बघा. सापडली तर त्या बाईकडे पुढे खरंच कोण गेलं, ते सगळ्यांसमोर विचारा. बरेचदा उत्तर येतं, "मला वाटलं सचिव गेल्या असतील," आणि सचिवांना वाटलेलं असतं की शेजारीण गेली असेल. तिकडे ती बाई सावकाराच्या तगाद्यात असेल, आजारी असेल, नाहीतर घरातून बाहेर पडू दिली जात नसेल.

तीच ओळ परत लिहा. कोण जाणार, कधी जाणार आणि कोणाला येऊन सांगणार, हे तिन्ही त्यात यायला हवं. उदाहरणार्थ, "मंगल ताई बुधवारपर्यंत घरी जाऊन येतील आणि अध्यक्षांना कळवतील."

मग चौघींनी उभं राहून फलाटाचा प्रसंग करून दाखवा. एकदा "कोणीतरी फोन करा" म्हणून, आणि एकदा बोट दाखवून, साडीचा रंग सांगून. दोन्ही वेळा फोन हातात कोणी घेतला आणि किती वेळ लागला, ते बाकीच्यांनी मोजायचं. जे दिसेल ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवा.